इजेक्टिव्ह आणि इम्प्लोझिव्ह व्यंजने: जॉर्जियन व सिंधी उच्चार पायरीपायरीने

जॉर्जियन भाषेतले इजेक्टिव्ह किंवा सिंधीतले इम्प्लोझिव्ह व्यंजन पहिल्यांदा म्हणून पाहणारा मराठी भाषक जवळजवळ नेहमी श्वासाचा जोर वाढवतो. उच्चार जमला नाही की तो आणखी जोर लावतो, आणि जितका जोर लावतो तितका मूळ उच्चारापासून लांब जातो, कारण ही व्यंजने श्वासाच्या जोरावर होतच नाहीत. मराठीतली सर्व व्यंजने फुप्फुसातून बाहेर येणाऱ्या हवेवर चालतात. इथे मात्र स्वरयंत्र स्वतः वर किंवा खाली सरकते आणि घसा व तोंड यांत कोंडलेल्या हवेचा दाब बदलते. ते वर गेले की दाब वाढतो आणि इजेक्टिव्ह तयार होते. खाली गेले की दाब घटतो आणि इम्प्लोझिव्ह तयार होते. सायकलच्या पंपातला दट्ट्या डोळ्यांसमोर आणावा: नळी तीच राहते, दट्ट्या कोणत्या दिशेने सरकतो एवढ्यावर सगळे ठरते.

या लेखात इजेक्टिव्हसाठी जॉर्जियन आणि इम्प्लोझिव्हसाठी सिंधी घेतली आहे. वैद्यकीय शिक्षणासाठी जॉर्जियाला जाणाऱ्या विद्यार्थ्यांना पहिली उपयोगी पडते. दुसरी उल्हासनगर किंवा पिंपरीत राहणाऱ्यांच्या शेजारीच बोलली जाते. “ध्वनिफीत ऐका आणि नक्कल करा” हा नेहमीचा सल्ला मला सुरुवातीला निरुपयोगी वाटतो. मराठी कान जॉर्जियन इजेक्टिव्ह क ला आपला साधा क समजतो आणि सिंधी ॿ ला आपला ब समजतो. जो फरक कानाला पकडता येत नाही त्याची नक्कल करता येत नाही, म्हणून आधी हालचाल शिकावी आणि कान मागून तयार होऊ द्यावा.

लेखनाबद्दल एक खुलासा आवश्यक आहे. आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीत इजेक्टिव्हची खूण अक्षरानंतर येते. देवनागरीत मात्रेमुळे ते अडचणीचे होते, म्हणून येथे ती अक्षराआधी दिली आहे: ’का, ’ता, ’पा. सिंधीतील इम्प्लोझिव्हसाठी देवनागरीत अधोरेखित अक्षरे आहेत: ॿ, ॾ, ॼ, ॻ.

## पूर्वतयारी

शांत खोली, आरसा, ध्वनिमुद्रण करणारा फोन आणि कागदाची एक अरुंद पट्टी एवढे साहित्य पुरते. संगणक हाताशी असेल तर Praat हा मोफत ध्वनिविश्लेषक उतरवून घ्यावा. त्याचा उपयोग शेवटच्या टप्प्यात होईल.

तर्जनी गळ्याच्या पुढच्या भागावर, कंठमण्यावर हलकेच ठेवून आवंढा गिळावा. बोटाखालचा उंचवटा, म्हणजेच स्वरयंत्राचा पुढचा भाग, वर जाऊन परत खाली येतो. स्त्रियांमध्ये तो डोळ्यांना कमी दिसतो, पण बोटाला तितकाच जाणवतो. पुढच्या प्रत्येक टप्प्यात हेच बोट तुमचा मुख्य साक्षीदार असेल.

सावधान: एका बैठकीत पाच-सात मिनिटांपेक्षा जास्त सराव करू नये. घसा बसलेला असेल किंवा खवखवत असेल तर त्या दिवशी सराव टाळावा. घशात दुखणे हे हालचाल चुकीची होत असल्याचे लक्षण आहे. योग्य हालचालीत थोडा थकवा येईल, वेदना होणार नाही.

## टप्पा १: कंठद्वार बंद करणे

दोन स्वरतंतूंमधल्या फटीला कंठद्वार म्हणतात. इजेक्टिव्हसाठी ती फट घट्ट मिटलेली हवी. मराठीत नकार देताना आपण तोंड मिटून “अं-हं” म्हणतो, तेव्हा पहिल्या “अं”च्या अगदी सुरुवातीला घशात एक बारीक अडकाव येतो. तोच हवा आहे.

तोंड उघडे ठेवून “अ, अ, अ” असे तुटक म्हणावे आणि दोन “अ”च्या मधल्या क्षणी थांबावे. तोंड उघडे आहे, तरी हवा आत-बाहेर जात नाही, अशी ती अवस्था आहे. जड वस्तू उचलण्याच्या क्षणी श्वास असाच रोखला जातो. ही अवस्था तीन सेकंद धरून ठेवता आली की पहिला टप्पा झाला.

तपासणी: अवस्था धरलेली असताना उघड्या तोंडासमोर आरसा धरावा. त्यावर वाफ धरली तर कंठद्वार मिटलेले नाही. श्वास केवळ छातीने थांबवला आणि कंठद्वार उघडेच राहिले, तर आरसा कोरडा राहूनही पुढे अडचण येते. म्हणून अवस्था सोडताना घशात बारीक “टक्” ऐकू येतो का, हेही पाहावे.

## टप्पा २: स्वरयंत्र वर-खाली हलवणे

आधी आवाजासह सुरुवात करावी. तोंड मिटून खालच्या सुरापासून वरच्या सुरापर्यंत गुणगुणत जावे आणि परत खाली यावे. न शिकवलेल्या गळ्यात वरच्या सुराला स्वरयंत्र वर सरकते आणि खालच्या सुराला खाली येते. बोटाला ते कळते. गाणे शिकलेल्यांना इथे एक अडचण येऊ शकते, कारण स्वरयंत्र स्थिर ठेवून सूर बदलण्याची त्यांना सवय असते. त्यांनी गुणगुणण्याऐवजी वर जाण्यासाठी आवंढा गिळण्याची सुरुवात आणि खाली येण्यासाठी जांभईची सुरुवात वापरावी.

आता हीच हालचाल आवाजाशिवाय करायची आहे. टप्पा १ मधल्याप्रमाणे कंठद्वार मिटावे, मनातल्या मनात वरचा सूर धरावा, मग खालचा. बोटाखाली स्वरयंत्र जेमतेम सेंटिमीटरभर हलते, तेवढे पुरते. पुष्कळ जण हनुवटी वर करून किंवा मान ताणून हालचाल झाल्याचा आभास निर्माण करतात. आरशात हनुवटी स्थिर दिसली पाहिजे.

## टप्पा ३: पहिले इजेक्टिव्ह, ’क

सुरुवात क पासूनच करावी. प पासून करू नये. याचे कारण यांत्रिक आहे. क म्हणताना जिभेचा मागचा भाग टाळूला टेकतो, त्यामुळे जीभ आणि कंठद्वार यांच्यामध्ये कोंडलेली जागा फार लहान असते. स्वरयंत्र थोडेसे वर गेले तरी तेवढ्या जागेत दाब चटकन वाढतो. प म्हणताना ओठांपर्यंतचे सगळे तोंड भरलेले असते, गाल मऊ असतात, आणि तेवढ्याच हालचालीने दाब फारसा वाढत नाही. जगातल्या भाषांतही इजेक्टिव्ह क सर्वाधिक आढळतो आणि इजेक्टिव्ह प तुलनेने विरळ आहे.

क्रम असा आहे:

१. जीभ क च्या जागी टेकवावी आणि त्याच वेळी कंठद्वार मिटावे. आता हवा दोन्ही बाजूंनी बंद आहे.

२. स्वरयंत्र वर सरकवावे. जिभेच्या मागे किंचित ताण जाणवेल.

३. जीभ सोडावी. कोरडा, टणक “क्” ऐकू येईल.

४. त्यानंतर कंठद्वार सोडावे.

तिसरी आणि चौथी कृती यांचा क्रम उलटला की सगळे बिघडते, आणि नव्वद टक्के लोकांची चूक इथेच असते असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. कंठद्वार आधी उघडले तर फुप्फुसातली हवा जिभेमागे येते आणि सुटताना ख होतो. दोन्ही एकाच क्षणी सुटली तर साधा क होतो. म्हणून सुरुवातीला तिसऱ्या आणि चौथ्या कृतीमध्ये मुद्दाम अर्धा सेकंद थांबावे. ते कृत्रिम वाटेल, पण क्रम अंगवळणी पडेपर्यंत तसेच चालू ठेवावे.

तपासणी: पूर्ण श्वास सोडून छाती रिकामी करावी, श्वास न घेता कंठद्वार मिटावे आणि “क्, क्, क्” असे पाच-सहा वेळा म्हणावे. फुप्फुसात सोडायला हवा नसतानाही आवाज स्पष्ट येत असेल तर हवा स्वरयंत्रच ढकलत आहे.

सावधान: हळहळ व्यक्त करताना आपण जिभेने “च् च्” करतो, तो आवाज वेगळ्या यंत्रणेचा आहे. त्यात जीभ स्वतःच्या दोन टोकांमध्ये हवा पकडते आणि चोखते. कंठद्वाराचा संबंध नसतो. शंका आली तर आवाज काढत असतानाच नाकाने गुणगुणून पाहावे. गुणगुणणे अखंड चालू राहिले तर तुम्ही चुकचुकत आहात. इजेक्टिव्ह म्हणताना गुणगुणणे अशक्य असते, कारण कंठद्वार बंद असते.

## टप्पा ४: स्वर जोडणे आणि जोडीने म्हणणे

सुटा “क्” जमला की त्यामागे स्वर लावावा: क्, क्षणभर शांतता, आ. ही शांतता कंठद्वार बंद असल्यामुळे असते आणि स्वर त्या बंद अवस्थेतून तडक सुरू होतो. शांततेच्या जागी “ह”सारखी फुंकर ऐकू आली तर तुम्ही ख म्हटला आहे. शांतता हळूहळू कमी करत न्यावी, पण शून्यावर आणू नये.

आता खरी जोडी घ्यावी. जॉर्जियनमध्ये ’कारी म्हणजे दार आणि खारी म्हणजे वारा. कागदाची पट्टी ओठांपासून चार बोटांवर धरून दोन्ही शब्द आलटून पालटून म्हणावेत. खारीला पट्टी स्पष्ट हलेल. ’कारीला ती जवळजवळ स्थिर राहील. बोट गळ्यावर ठेवले तर ’कारीच्या सुरुवातीला स्वरयंत्र वर उडालेले आणि स्वरावर येताना खाली उतरलेले जाणवेल.

पट्टी स्थिर राहिली म्हणून लगेच समाधान मानू नये. साध्या मराठी क ने “कारी” म्हटले तरी पट्टी फारशी हलत नाही. मराठी भाषकाची ही एक विचित्र सोय आहे: जॉर्जियनमध्ये आपल्यासारखा साधा क स्वतंत्र नाही, त्यामुळे आपण क आणि ख वापरून बोललो तरी दार आणि वारा वेगळे ऐकू येतात आणि काम भागते. काम भागते म्हणूनच पुष्कळ जण वर्षानुवर्षे इजेक्टिव्ह शिकत नाहीत. साधा क आणि ’क यांतला फरक कागद सांगत नाही; गळ्यावरचे बोट आणि रिकाम्या छातीची चाचणी सांगते.

उलट टोकाची चूकही असते. हालचाल जमल्याच्या आनंदात शिकणारे प्रत्येक ’क फटाक्यासारखा फोडतात. अमेरिकेतल्या आदिवासींच्या नॅव्हाहो भाषेत इजेक्टिव्ह व्यंजन सुटणे आणि स्वर सुरू होणे यांमधली शांतता लांब असते. पश्चिम आफ्रिकेतल्या हाउसा भाषेत ती बरीच आखूड असते. जॉर्जियन इजेक्टिव्हही बोलण्याच्या ओघात सौम्य असतात, आणि पुष्कळदा त्यांची खूण पुढच्या स्वराच्या सुरुवातीच्या किंचित खरखरीतपणात उरते. सरावात जोरदार म्हणावे, बोलताना निम्म्यावर आणावे.

## टप्पा ५: ’त, ’त्स, ’च, ’प आणि शेवटी ’क़

’त साठी जॉर्जियनमधला तिहेरी संच सोयीचा आहे: दारी म्हणजे चांगली हवा, थारी म्हणजे तार नावाचे तंतुवाद्य आणि ’तारी म्हणजे मूठ किंवा दांडा. तिन्ही शब्द या क्रमाने म्हणावेत.

पुढच्या दोन व्यंजनांत मराठी भाषकाला आयता फायदा आहे. “चमचा”तला दंत्य च आणि “चिमटा”तला तालव्य च हे दोन्ही आपल्याकडे आहेत, आणि जॉर्जियनलाही दोन्ही जागा लागतात. पुस्तक म्हणजे ’त्सिग्नी, तिथे चमच्याच्या च ची जागा. पेला म्हणजे ’चिखा, तिथे चिमट्याच्या च ची. जीभ जिथे असते तिथेच ठेवून फक्त कंठद्वार मिटायचे आहे. चहाला मात्र जॉर्जियनमध्ये महाप्राण व्यंजन आहे, म्हणजे तो “छाई”च्या जवळ जातो. तिथे कंठद्वार मिटू नये.

’प ला वेळ द्यावा. गाल फुगू लागले तर दाब वाया जातो; ओठांचे कोपरे घट्ट धरावेत. ’पुरी म्हणजे भाकरी किंवा ब्रेड, तर महाप्राण व्यंजनाने फुरी म्हटले की अर्थ दुभती गाय असा होतो. इथला फ दोन्ही ओठांनी, प मध्ये ह मिसळून म्हणायचा आहे. इंग्रजी वळणाचा दातांनी ओठ दाबून केलेला फ इथे चालत नाही.

’क़ ची जागा क च्याही मागे, पडजिभेपाशी आहे आणि मागची जागा अगदी लहान असल्याने दाब चटकन येतो. पाणी म्हणजे ’त्स’क़ाली. इथे दोन इजेक्टिव्ह लागोपाठ आहेत, पण कंठद्वार दोनदा उघडायचे नाही. ते एकदा मिटावे, आधी जिभेचे टोक सोडावे, मग जिभेचे मूळ, आणि शेवटी कंठद्वार. मध्ये अ घुसून “त्सक़ाली” झाले तर कंठद्वार मधेच सुटले असे समजावे. सरावासाठी जॉर्जियन लोकांचेच जिभेला वळण देणारे वाक्य आहे: “बा’क़ा’क़ी ’त्स’क़ाल्शी ’क़ि’क़िनेब्स”, म्हणजे बेडूक पाण्यात डरावतो.

## टप्पा ६: पहिले इम्प्लोझिव्ह, ॿ

इजेक्टिव्ह आणि इम्प्लोझिव्ह यांचा सराव एकाच बैठकीत करू नये. दिशा उलटी आहेच, पण त्याहून मोठा फरक म्हणजे सिंधी इम्प्लोझिव्हमध्ये कंठद्वार घट्ट मिटलेले नसते. स्वरतंतू कंप पावत असतात आणि त्याच वेळी स्वरयंत्र खाली सरकते.

यंत्रणा समजली तर सर्वांत मोठी चूक टळते. साधा ब म्हणताना ओठ बंद असतात, फुप्फुसातून हवा वर येत राहते, तोंडात दाब साठतो आणि कंप लवकरच मंदावतो. ॿ मध्ये स्वरयंत्र खाली जाऊन जागा वाढवते, त्यामुळे वर आलेली हवा त्या वाढलेल्या जागेत सामावते आणि कंप टिकतो. ओठ सुटतात तेव्हा बाहेर झोत येत नाही. कधी किंचित हवा आत जाते, कधी तेवढीही जात नाही. “इम्प्लोझिव्ह म्हणजे श्वास आत ओढून म्हटलेला ब” हे वर्णन सर्वत्र ऐकू येते आणि तेच शिकणाऱ्याला चुकवते. श्वास आत ओढू नये.

१. ओठ मिटून ब धरावा आणि कंप जितका टिकेल तितका टिकवावा. गाल फुगू देऊ नयेत. थोड्याच वेळात आवाज दबून बंद पडेल.

२. पुन्हा ब धरावा, पण या वेळी धरल्याबरोबर सूर खाली उतरवत न्यावा, जांभईची सुरुवात करताना घसा खाली जातो तसा. बोटाखाली स्वरयंत्र उतरेल आणि कंप अधिक भरदार होईल.

३. स्वरयंत्र उतरत असतानाच ओठ सोडून आ म्हणावा. ते तळाला पोचून थांबल्यावर सोडले तर साधा ब येतो.

जोडी घ्यावी: सिंधीत ॿारु म्हणजे मूल आणि बारु म्हणजे ओझे. शेवटचा उ आखूड पण स्पष्ट असतो.

तपासणी, नाक धरून: ॿ म्हणताना नाकपुड्या चिमटीत धराव्यात. आवाज बदलला किंवा अडला तर हवा नाकातून निसटत होती आणि तुमचा उच्चार “म्बा” होता. कंप टिकवण्याची ही पळवाट फार जण नकळत घेतात, आणि ध्वनिमुद्रण ऐकूनही ती सहज लक्षात येत नाही.

दुसऱ्या दोन चुका कानाने कळतात. “ब्बारु” असे द्वित्त केले तर लांबी वाढते, दिशा बदलत नाही. “भारु” झाले तर ओठ सुटल्यावर हवा बाहेर पडली आहे. कागदाची पट्टी ते लगेच दाखवते.

## टप्पा ७: ॾ, ॼ, ॻ

इथे क्रम इजेक्टिव्हच्या उलट लागतो. जागा मोठी असली की कंपासाठी आलेली हवा सामावून घेणे सोपे जाते, म्हणून ओठांचा ॿ सर्वांत सोपा आणि जिभेच्या मागच्या भागाचा ॻ सर्वांत अवघड.

ॾ साठी मराठी ड इतकी जीभ मागे वळवू नये. टोक वरच्या हिरडीवर किंवा तिच्या किंचित मागे टेकवावे. ॾंदु म्हणजे दात. ॼ मध्ये जिभेचा मधला भाग टाळूला टेकतो: ॼिभ म्हणजे जीभ. त्याला मराठी ज सारखे घर्षण लागू देऊ नये. तो झटकन सुटतो. ॻ साठी ॻोठु, म्हणजे गाव, हा शब्द घ्यावा. जीभ टेकवण्याआधीच स्वरयंत्र उतरू लागले असेल तर ॻ साधतो. टेकवून मग उतरवायला गेल्यास लहान जागा लगेच भरते आणि ग होतो.

## टप्पा ८: ध्वनिमुद्रणावरून पडताळणी

जोडीतले शब्द प्रत्येकी पाच वेळा, “आ”च्या नंतर म्हणून मुद्रित करावेत: आ-’कारी, आ-खारी, आ-ॿारु, आ-बारु. फाइल Praat मध्ये उघडून ध्वनितरंग मोठा करून पाहावा.

’कारीमध्ये उभी बारीक रेघ, तिच्यानंतर सपाट मोकळी जागा आणि मग स्वराची अचानक सुरुवात दिसली पाहिजे. खारीमध्ये त्या मोकळ्या जागी दाट, अनियमित खरखर असते. स्वराच्या पहिल्या काही लहरी एकमेकींपासून दूर आणि असमान असतील तर ते दोषाचे लक्षण नाही. कंठद्वार घट्ट मिटल्याची ती खूण आहे.

ब आणि ॿ साठी ओठ बंद असतानाचा भाग पाहावा. बारुमध्ये लहरींची उंची ओठ सुटेपर्यंत घटत जाते. ॿारुमध्ये ती टिकते किंवा सुटण्याच्या दिशेने वाढते. ती सुरुवातीपासूनच मोठी व एकसारखी असेल तर मात्र नाकाची चाचणी पुन्हा करावी, कारण “म्बा”चा तरंगही तसाच दिसतो. लहरीच नसतील आणि सपाट रेघेनंतर स्वर सुरू होत असेल, तर इजेक्टिव्हच्या सवयीने कंठद्वार मिटले आहे. अशा वेळी टप्पा ६ मधली दुसरी कृती, म्हणजे सूर उतरवत ब धरणे, पुन्हा करावी. पाचपैकी चार मुद्रणांत अपेक्षित आकार दिसू लागल्यावरच शब्द वाक्यात घालावेत आणि जॉर्जियन किंवा सिंधी मातृभाषकाला ऐकवावेत. त्याला “बरोबर आहे का” असे विचारण्यापेक्षा जोडीतला एकच शब्द म्हणून “मी काय म्हटले” असे विचारावे. पहिल्या प्रश्नाला लोक सौजन्याने होकार देतात.